पत्र्याच्या आतलं दव

डेंटरकाकांनी चाकाच्या वरच्या प्लायचे स्क्रू काढले, फळी बाजूला झाली आणि आतून पाण्याची एक बारीक धार त्यांच्या पायावर आली. भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये नोव्हेंबरचं कोरडं ऊन पडलं होतं आणि गाडीवर पंधरा दिवसांत पावसाचा थेंब पडला नव्हता. काकांनी चांदीच्या रंगाचा बबल फॉइल सोलून काढला. त्याची मागची बाजू ओलीचिंब होती. त्यामागच्या पत्र्यावर तळहाताएवढे तांबूस डाग पडले होते. काकांनी एका डागावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दाबलं आणि म्हणाले, "साहेब, पत्रा बाहेरून गंजला तर दिसतो. हा आतून सडतोय."

गाडी दीड वर्षापूर्वी घेतलेली, जुनी पण दणकट डिलिव्हरी व्हॅन. तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय एका गॅरेजमधून करून घेतली होती. भिंतींना पत्र्यावरच चिकटवलेला बबल फॉइल, छताच्या बरगड्यांमध्ये थर्माकोल आणि वर प्लाय, असं ते काम होतं. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं स्पितीला जाऊन आलो होतो. काझाजवळच्या थंड रात्री बाहेरच्या पाण्यातल्या नव्हत्या. ते सगळं पाणी आमचंच होतं.

हे पटायला थोडा हिशेब करावा लागतो. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसं, आठ तास, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या वर, अर्ध्या लिटरहून जास्त. आमच्या गाडीत आत हवा किती? अंदाजे १० घनमीटर. १८ अंश तापमानाची एवढी हवा पूर्ण भिजली तरी जेमतेम दीडशे ग्रॅम वाफ पोटात ठेवू शकते. बाकीचं पाणी कुठेतरी बसणारच. त्यात सकाळचा चहा आणि रात्रीचा भात आतच शिजवला, तर भांड्यातली वाफ वेगळी आणि गॅसची वेगळी. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. चुलीच्या निळ्या ज्योतीतून पाणी निघतं हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही.

हे पाणी सर्वांत थंड जागा शोधतं. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर घाम येतो तसंच. आतली हवा १८ अंशांवर असेल आणि तिच्यात सत्तर टक्के आर्द्रता असेल, तर साडेबारा अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर थेंब जमतात. या आकड्याला दवबिंदू म्हणतात. बाहेर शून्य अंश असताना उघड्या पत्र्याची आतली बाजू चार अंशांच्या आसपास असते. म्हणजे पत्रा रात्रभर पाझरणार यात शंकाच नाही. म्हणून गाडीच्या इन्सुलेशनचं पहिलं काम ऊब टिकवणं हे नव्हेच. आतल्या दमट हवेला थंड पत्र्यापर्यंत पोचू न देणं आणि तिला जो पृष्ठभाग लागेल तो साडेबारा अंशांच्या वर ठेवणं, हे पहिलं काम. ऊब त्यासोबत मिळते.

आता आमचा बबल फॉइल कुठे कमी पडला ते बघू. चकचकीत फॉइल उष्णतेचे किरण परतवतो हे खरं आहे. पण किरण परतवायला त्याच्यापुढे मोकळी हवा लागते, निदान बोटभर. पत्र्याला घट्ट चिकटवला की ती बाजू किरणांचं काम करतच नाही. पत्र्याची थंडी सरळ स्पर्शातून आत येते. मग उरतो तो चार मिलिमीटरचा बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद. हिशेब केला तर त्या थंडीत त्याची आतली बाजू नऊ-साडेनऊ अंशांवर राहते, म्हणजे दवबिंदूच्या खालीच. शिवाय आमचा फॉइल दुहेरी टेपने लावला होता. मधेमधे तो सुटलेला होता आणि त्या फटींतून दमट हवा मागे जाऊन थेट पत्र्यावर थिजत होती. समोर चकचकीत पडदा असल्यामुळे ते पाणी वाळायलाही वाट नव्हती. उन्हात काचेला आतून लावायचे पडदे करायला हा फॉइल उत्तम आहे, कारण तिथे काच आणि पडद्यामध्ये हवा असते. पत्र्यावर मात्र तो लावू नये, हे माझं ठाम मत आहे.

छतातल्या थर्माकोलची कथा वेगळी. थर्माकोल थंडी चांगली अडवतो, स्वस्तही आहे. पण तो ताठ असतो आणि गाडीचा पत्रा ताठ नसतो. वरंधा घाटात दुसऱ्या गिअरला छताचा पत्रा थरथरतो, खड्ड्यात सगळी चौकट किंचित पिळवटते आणि ताठ फळी लोखंडी बरगडीवर घासत राहते. आधी कर्रकर्र आवाज यायला लागला. मग प्लायच्या सांध्यांतून अंथरुणावर पांढरे दाणे पडू लागले. सहा महिन्यांत फळ्यांच्या कडा झिजून बरगडीशी बोट जाईल एवढी फट पडली होती आणि प्रत्येक फट म्हणजे दमट हवेला उघडं दार. काचेच्या लोकराची, म्हणजे ग्लासवूलची अडचण याच्या उलट आहे. ती लवचीक असते, पण धक्क्यांनी हळूहळू खाली बसते, वरचा भाग रिकामा राहतो आणि वाफ तिच्यातून आरपार जाते. पत्र्याशी पाणी झालं की ती ते स्पंजासारखं धरून ठेवते.

म्हणजे हवं ते असं: पत्र्याबरोबर हलणारं, पत्र्याला सबंध चिकटणारं, वाफेला वाट न देणारं आणि पातळ. पातळ यासाठी, की आडवं झोपायचं तर दोन्ही भिंतींची जाडी आपल्या पायांच्या लांबीतून वजा होते आणि उभं राहायचं तर छताची जाडी डोक्याशी येते. पन्नास मिलिमीटरची फळी घरात कुणाला कळत नाही. गाडीत ती दोन्ही बाजूंना लावली की दहा सेंटिमीटर गेले, आणि माझे गुडघे रोज ते मोजतात.

हे सगळं ज्यात एकत्र मिळतं ती वस्तू आपल्याकडे एसीच्या डक्टिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात वर्षानुवर्षं पडून आहे. तिथे तिला नायट्रिल रबर म्हणतात. काळा, मऊ, दाबला की परत फुगणारा फोम. एसीच्या थंड पाइपांना घाम येऊ नये म्हणूनच तो बनवलेला असतो, म्हणजे आपला आणि त्याचा प्रश्न एकच. त्याच्या आतले बुडबुडे बंद असतात, एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे पाणी आणि वाफ त्यातून फारच सावकाश जाते. ६, ९, १३, १९, २५ मिलिमीटर अशा जाडीत तो मिळतो. त्याच थंडीत, बाहेर शून्य आणि आत १८ अंश असताना, १३ मिलिमीटरच्या थराची आतली बाजू साडेतेरा अंशांच्या आसपास राहते आणि १९ मिलिमीटरची साडेचौदाच्या वर. म्हणजे कोरडी. बाहेर पारा उणे पाचवर गेला तर १३ मिलिमीटर अगदी काठावर येतो आणि १९ मिलिमीटर अजून तरतो. म्हणून कोकण-गोव्यात फिरणाऱ्याला १३ भरपूर आहे. हिमालयात ऑक्टोबरनंतर जायचं असेल तर १९ घ्यावा. त्याहून जाड थर लावून या बाबतीत फारसं हाती लागत नाही. तोवर पाणी दुसरीकडे जमायला लागलेलं असतं, ते पुढे सांगतो.

खरेदी करताना दोन गोष्टी बघाव्यात. तुकडा वाकवून सोडावा. वळ न राहता तो सरळ झाला पाहिजे. दुसरी गोष्ट दुकानाबाहेर, मोकळ्यावर करायची: बोटाएवढ्या तुकड्याला लायटर लावून काढून घ्यायचा. चांगला नायट्रिल ज्योत काढताच विझतो. जळत राहणारा, ठिबकणारा फोम कितीही स्वस्त असला तरी ज्या डब्यात आपण गॅस पेटवून त्याच डब्यात झोपणार आहोत, त्यात घालू नये.

आमच्या गाडीचं काम दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी स्वतः चार दिवस काकांबरोबर उभा राहिलो. त्यातला दीड दिवस फक्त पत्रा तयार करण्यात गेला. सगळं काढून साबणाच्या पाण्याने धुतलं, वायर ब्रशने गंज खरवडला, खरवडलेल्या जागी प्रायमरचे दोन हात देऊन पूर्ण रात्र वाळू दिलं. मग थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसला. गंजावर फोम चिकटवणं म्हणजे जखमेवर न धुता पट्टी बांधणं आहे. आत काय चाललंय ते पुढची पाच वर्षं दिसत नाही.

मग वर्तमानपत्राचे कागद पत्र्यावर धरून प्रत्येक कप्प्याचा साचा काढला आणि फोम साच्याहून चारही बाजूंनी चार-पाच मिलिमीटर मोठा कापला. हे मला आधी चूक वाटलं होतं. काकांना एसीचं काम करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने ते शिकवलं होतं. तुकडा किंचित दाबून बसवला की त्याच्या कडा बरगडीवर आणि शेजारच्या तुकड्यावर आपणहून रेटून राहतात. गाडी पिळवटली तरी सांधा उघडत नाही. नेमका मापात कापलेला फोम वर्षभरात आक्रसतो आणि सांध्यांना फटी पडतात.

चिकटवायला रबरबेसचा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह वापरला, उन्हात सुटणार नाही असा. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं छत हात टेकवणार नाही इतकं तापतं आणि साधा गोंद तिथे मऊ होऊन फोम पोट सुटल्यासारखा खाली येतो. हा गोंद पत्र्यावर आणि फोमवर दोन्हीकडे पातळ पसरवायचा आणि मग थांबायचं. इथेच बहुतेकांची घाई होते. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाचं पेर टेकवलं की चिकट लागावं, पण बोटाला काही येऊ नये. तेव्हाच लावायचा. ओला असताना लावला तर आत अडकलेला द्रावक बुडबुडे करतो. मधून सुरुवात करून कडेकडे दाबत जायचं, नंतर लाकडी रोलर फिरवायचा. सांध्यांच्या कडांनाही तोच गोंद. दारं सताड उघडी, पंखा लावलेला आणि आसपास ठिणगी नाही, एवढं पाळावं लागतं, कारण त्याचा वास डोकं धरतो आणि त्याची वाफ पेट घेते.

खरी मेहनत बरगड्यांवर आहे आणि बहुतेक गाड्यांत तीच राहून जाते. कप्पे सगळे छान झाकले, पण बरगड्या उघड्या ठेवून त्यांच्यावरच प्लाय स्क्रूने आवळला, तर लोखंड बाहेरची थंडी सरळ स्क्रूच्या डोक्यापर्यंत आणून पोचवतं. पहिल्या खेपेला सकाळी प्लायवर ओळीने थेंब दिसायचे, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक, मोत्यासारखा. मी ते फडक्याने पुसत असे आणि कारण शोधत नसे. आता बरगड्यांवर ६ मिलिमीटरचा नायट्रिल गुंडाळला आहे आणि प्लाय थेट लोखंडाला न लावता बरगडीवर आडव्या बसवलेल्या लाकडी पट्ट्यांवर लावला आहे. पट्टी आणि बरगडीच्या मधेही तोच फोम. पट्ट्या बरगडीला रिव्हेट नट आणि नायलॉक नट-बोल्टने धरल्या, कारण सेल्फ स्क्रू पातळ पत्र्यात थरथरून भोक मोठं करतो आणि सैल होतो. चालकाच्या मागच्या एका खांबावर सहा मिलिमीटरलाही जागा नव्हती. तिथे एअरोजेलच्या चटईची पट्टी वापरली. एअरोजेल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच असलेला सिलिकाचा सांगाडा. तो पहिल्यांदा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सॅम्युअल किसलर यांनी १९३१ मध्ये केला. नायट्रिलच्या अर्ध्या जाडीत तो तेवढीच थंडी अडवतो. पण तो महाग आहे, थरथरला की बारीक पांढरी भुकटी सोडतो आणि त्यातून वाफ जाते. म्हणून तो चारही बाजूंनी अ‍ॅल्युमिनिअम टेपमध्ये बंद करूनच लावावा. अशा दोन-चार अडलेल्या जागांसाठीच तो आहे. सगळी गाडी त्याने मढवण्यात अर्थ नाही.

डॅम्पिंग शीट म्हणून जी जड, काळी, ब्यूटिलची चादर मिळते, तिच्याबद्दलही गैरसमज आहे. ती पत्र्याला वजन देऊन त्याचा घुमणारा आवाज मारते आणि ते काम छान करते. मोठ्या कप्प्याच्या मध्यभागी, तिसरा हिस्सा झाकेल एवढी लावली तरी पुरते. थंडी किंवा उष्णता ती अडवत नाही. आधी ती, तिच्यावर नायट्रिल, असा क्रम.

आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडायच्या. दारांच्या तळाशी आणि खालच्या पोकळ चौकटीत पाणी वाहून जाण्यासाठी कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच आणि त्या भोकांतून ते निघून जातं. त्या पोकळ्यांत पीयू फोमचा डबा फवारून भरणारे भेटतात. ते दार आतून सडायला लागतं. तिथे मेणाचा फवारा मारावा आणि भोकात तार घालून ती मोकळी आहेत याची खात्री करावी.

हे सगळं करूनही पाणी संपत नाही, कारण आपण श्वास घेणं थांबवत नाही. भिंती कोरड्या झाल्या की काच सर्वांत थंड उरते आणि पाणी तिथे जातं. त्याला बाहेर घालवण्याचा एकच मार्ग आहे: हवा बदलणं. लोकांना वाटतं थंडीत खिडकी उघडली की सगळी ऊब गेली. हिशेब तसं म्हणत नाही. बाहेरची शून्य अंशांची हवा कितीही ओली वाटली तरी तिच्यात वाफ थोडी असते. ती आत येऊन तापली की कोरडी होते. दोन माणसांचं रात्रीचं पाणी वाहून न्यायला तासाला साधारण १६ घनमीटर हवा पुरते, म्हणजे आमच्या गाडीतली हवा तासाला दीड-दोनदा बदलली की झालं. एवढ्या हवेबरोबर जाणारी उष्णता शंभर वॅटच्या आसपास असते. झोपलेली दोन माणसं मिळून जवळपास तेवढीच उष्णता देतात. म्हणून छतावरचा छोटा पंखा सर्वांत हळू वेगावर आणि समोरच्या टोकाला बोटभर उघडी खिडकी, हे आम्ही रात्रभर ठेवतो.

ऊब मात्र हवीच. आत आठ अंश असतील तर हवेत वाफेला जागाच नसते, आणि तेव्हा कितीही चांगला फोम असला तरी अंथरूण दमटच राहणार. आम्ही डिझेल हीटर लावला. त्याची जळणारी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो, म्हणून तो आत वाफ सोडत नाही. गॅसची शेगडी किंवा कोळशाची सिगडी ऊब म्हणून बंद गाडीत लावणं मात्र जीवघेणं आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. डिझेल हीटर असला तरी त्या वायूचा अलार्म उशाशी हवाच.

एक सल्ला मात्र आपल्याकडे मुळीच उचलू नये. युरोप-अमेरिकेतल्या थंड प्रदेशात इन्सुलेशनच्या आतून प्लास्टिकचा कागद ताणून बसवतात, आतली वाफ भिंतीत जाऊ नये म्हणून. तिथे वर्षभर आतली हवाच जास्त गरम आणि दमट असते. आपली गाडी ऑक्टोबरमध्ये स्पितीत असते आणि जुलैत मालवणला. तिथे बाहेरची हवा २७ अंश, चिंब, आणि आत एसी लावलेला. आता दमट हवा सांध्यांतून, वायरिंगच्या भोकांतून बाहेरून आत येते आणि गार प्लास्टिकच्या मागच्या बाजूला थिजते. मधे ग्लासवूल असेल तर ती दोन्ही बाजूंनी बंद झालेली ओली गादी होते. पत्र्याला सबंध चिकटलेल्या नायट्रिलला पुढची-मागची बाजू नसते. वाफ कुठूनही आली तरी तिला थिजायला पोकळी मिळत नाही. चाकांवरचं छोटं घर बांधणाऱ्यांनीही हेच लक्षात घ्यावं. तिथे पत्र्याऐवजी लोखंडी चौकट असली तरी रस्त्याचे धक्के आणि दव तेच.

दुसऱ्या कामानंतर आम्ही एक हिवाळा आणि एक पावसाळा काढला आहे. प्लायच्या मागे एका कप्प्यात मी साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला आहे. तीन-चारशे रुपयांचा. रात्री आतला आकडा सत्तरच्या वर गेला की पंख्याचा वेग एक पायरी वाढवतो आणि दिवसा तो साठच्या खाली आला की निश्चिंत असतो. प्लायमागचा आकडा आतल्या आकड्याहून सतत जास्त राहिला, प्लायची खालची कड काळी पडू लागली, किंवा बंद गाडी उघडताच कुबट वास आला, तर मागे कुठेतरी सांधा सुटला आहे असं समजावं. स्क्रूवरचे थेंब परत आले नाहीत. काचेवरचे येतात, ते रोज सकाळी पुसतो.

तुमची गाडी तयार होत असेल तर कारागिराला एवढं आधीच सांगून ठेवा: चाकावरची एक फळी खिळ्यांनी किंवा गोंदाने बसवू नका, चार स्क्रूंनीच बसवा. पहिल्या पावसाळ्यानंतर ती उघडा आणि मागे बोट फिरवून बघा.